मंजुरीच्या रांगेत अडकलेले बिल

फ्रीलान्सरने पाठवलेले बिल एजन्सीत पोचले म्हणजे ते अकाउंट्स विभागात पोचले असे होत नाही. जाहिरात, अनुवाद, डिझाइन, व्हिडिओ संकलन अशी कामे बाहेरून करून घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मध्यम आणि मोठ्या एजन्सींमध्ये बिलाचा प्रवास हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून होतो आणि पैसे सुटण्याआधी त्याला तीन-चार जणांची मंजुरी लागते. ज्याने काम दिले, तो आधी काम मिळाल्याची खातरजमा करतो. हा माणूस बहुधा क्लायंट सर्व्हिसिंगचा किंवा प्रॉडक्शनचा असतो. मग विभागप्रमुख हा खर्च त्या कामाच्या बजेटात बसतो का ते पाहतो. त्यानंतर बिल अकाउंट्सकडे येते. तिथे ते पीओशी, म्हणजे काम देताना काढलेल्या खरेदी आदेशाशी, ताडून पाहिले जाते आणि पॅन, बँक खाते, जीएसटी तपासले जाते. या सगळ्यातून पार पडलेले बिल महिन्यातून एकदा किंवा दोनदा निघणाऱ्या पेमेंटच्या यादीत बसते.

ही साखळी अशी बांधलेली असते की आधीच्या माणसाने मंजुरीचे बटण दाबल्याशिवाय पुढच्याला ते बिल पडद्यावर दिसतही नाही. म्हणून फ्रीलान्सरने अकाउंट्सला फोन केल्यावर ‘आमच्याकडे तुमचं बिल आलेलंच नाही’ असे उत्तर येते, तेव्हा समोरचा माणूस बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. बिल एजन्सीत असते, पण त्याच्यापर्यंत आलेले नसते. ‘पेमेंट कधी होणार?’ हा प्रश्न त्याला विचारून उपयोग नाही, कारण उत्तर त्याच्या हातात नाही. उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: बिल या क्षणी कोणाच्या नावावर पेंडिंग आहे आणि कशासाठी? सॉफ्टवेअरमध्ये बिलाचा क्रमांक टाकला की हे अर्ध्या मिनिटात दिसते. काम देणाऱ्या माणसाने ते पाहून सांगावे, ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. बिल अडकल्याची तक्रार करणाऱ्या बहुसंख्य फ्रीलान्सरांनी हा एक प्रश्न विचारलेलाच नसतो आणि त्यामुळे त्यांचे तगादे चुकीच्या टेबलावर जात राहतात.

अडकण्याची कारणे फार नसतात. मंजुरी देणारा रजेवर असतो किंवा नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याचे अधिकार सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याकडे वळवलेले नसतात. अशी बिले महिनोन्‌महिने एका बंद खात्यात पडून राहतात आणि त्यात कोणाचा वाईट हेतूही नसतो. कधी क्लायंटचे अंतिम बिल काढून कामाचा जॉब नंबर बंद केलेला असतो. मग उशिरा आलेल्या बिलाला लावायला खर्चाचे खातेच उरत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या फ्रीलान्सरचे बिल आणखी एका ठिकाणी अडकते. त्याने महिन्याचे जीएसटीआर-१ वेळेवर भरले नाही, तर एजन्सीच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते बिल दिसत नाही, तिला त्या कराची वजावट मिळत नाही आणि अकाउंट्स ते बिल, निदान त्यातली कराची रक्कम, रोखून धरते. इथे चूक शोधायची ती आधी स्वतःच्या रिटर्नमध्ये. पण सर्वांत जास्त बिले अडकतात ती पीओ आणि बिल यांतल्या फरकामुळे. हा प्रकार एका उदाहरणाने नीट उलगडतो. उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातले कायद्याचे आणि कराचे तपशील खरे आहेत.

नाशिकची एक अनुवादक मुंबईच्या एका जाहिरात एजन्सीसाठी खाद्यतेलाच्या ब्रँडचा मराठी मजकूर लिहिते. पीओ ५०,००० रुपयांचा आहे. पैसे बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत, असे त्यात लिहिले आहे. काम चालू असताना क्लायंटला आणखी दोन रेडिओ जाहिराती हव्याशा वाटतात. क्लायंट सर्व्हिसिंगचा माणूस फोनवर सांगतो, ‘करून टाका, दहा हजार वाढवून बिल लावा.’ ६ जूनला सगळे काम ईमेलने जाते. ९ जूनला ६०,००० रुपयांचे बिल जाते. काम देणारा ते लगेच मंजूर करतो. विभागप्रमुखही करतो. अकाउंट्समध्ये मात्र सॉफ्टवेअर बिलाची रक्कम पीओशी ताडते, १०,००० रुपये जास्त दिसतात आणि बिल ‘होल्ड’वर जाते. होल्डची सूचना जाते ती क्लायंट सर्व्हिसिंगच्या माणसाला. तो तोवर दुसऱ्या ब्रँडच्या कामात गुंतलेला असतो आणि सॉफ्टवेअरचे असे मेल तो उघडतही नाही. ९ जुलै उलटतो. अनुवादकेला यातले काहीच कळलेले नसते. तिला फक्त ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढे ऐकू येत असते.

१० जुलैला ती वर सांगितलेला प्रश्न विचारते आणि कारण बाहेर येते. आता मार्ग दोन आहेत. एक, एजन्सीने पीओ दुरुस्त करून ६०,००० चा करावा. हा मार्ग सरळ आहे, पण दुरुस्तीलाही पुन्हा मंजुरीची साखळी लागते आणि क्लायंटने वाढीव एस्टिमेटला लेखी होकार दिलेला नसेल तर ती दुरुस्तीही अडते. दुसरा मार्ग म्हणजे बिल फोडणे: आधीचे बिल रद्द करून ५०,००० चे एक आणि १०,००० चे दुसरे द्यायचे. पहिले पीओशी जुळते आणि पुढच्या यादीत निघते. दुसरे वाढीव पीओची वाट पाहते. ज्याला पैशांची निकड आहे त्याच्यासाठी दुसरा मार्ग बरा, कारण सहापैकी पाच भाग एका भागासाठी अडकून राहत नाहीत. मात्र नव्या बिलावर जुन्या बिलाचा क्रमांक व तारीख नमूद करून हे त्याच्या बदल्यात दिले आहे असे लिहायला हवे, नाहीतर मुदत नव्या तारखेपासून मोजली जाण्याचा धोका असतो. जीएसटी नोंदणी असलेल्याला जुने बिल नुसते फाडून चालत नाही. रिटर्नमध्ये गेलेल्या बिलासाठी क्रेडिट नोट काढावी लागते.

या टप्प्यावर लिहायचा मेल कसा असावा, याला महत्त्व आहे. तो काम देणाऱ्याला लिहायचा, अकाउंट्सला प्रत ठेवायची आणि वाचणाऱ्याला शोधाशोध न करता लगेच बटण दाबता येईल इतके सगळे त्यातच द्यायचे. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. ९ जूनचे माझे ६०,००० रुपयांचे बिल (पीओ ५०,०००) रकमेतल्या फरकामुळे अकाउंट्समध्ये होल्डवर आहे, असे आज कळले. वाढीव दोन रेडिओ जाहिराती आपल्या फोनवरील सूचनेनुसार करून ६ जूनला पाठवल्या होत्या. तो मेल सोबत जोडला आहे. पीओ दुरुस्त होत असल्यास तो कधीपर्यंत होईल ते कळवावे. तसे नसल्यास ५०,००० आणि १०,००० ची दोन बिले मी आजच पाठवते, म्हणजे पहिले या महिन्याच्या दुसऱ्या पेमेंटमध्ये घेता येईल. पीओनुसार देय तारीख ९ जुलै होती. त्या यादीची शेवटची तारीख कोणती, तेही कृपया कळवावे.’

यात विनवणी नाही आणि चिडचिडही नाही. शेवटचे वाक्य मुद्दाम घातलेले आहे. पेमेंटची यादी महिन्याच्या ठरावीक तारखांना निघते आणि तिच्या काही दिवस आधी ती बंद होते. यादी बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी मंजूर झालेले बिलही पुढच्या यादीपर्यंत थांबते. म्हणून ‘लवकरात लवकर’ या शब्दाला एजन्सीत काही अर्थ नसतो. यादीच्या तारखेला असतो. मेलला उत्तर आले नाही तर तीन-चार कामाच्या दिवसांनी त्याच मेलच्या मालिकेत विभागप्रमुखाला जोडून आठवण करावी. नवा मेल सुरू करू नये, कारण जुना पत्रव्यवहार एकत्र असणे हाच पुढे पुरावा ठरतो. व्हॉट्सअॅपवरचे ‘हो, करतो’ पुराव्याला कमी पडते असे नाही, पण ते शोधणे आणि दाखवणे जिकिरीचे होते. फोनवर काही ठरले तर त्याच दिवशी ‘आज आपले असे बोलणे झाले’ असा दोन ओळींचा मेल करून ठेवावा. उदाहरणातल्या अनुवादकेने वाढीव कामाच्या वेळी हे केले असते, तर होल्ड बहुधा आलाच नसता.

आता या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एजन्सीत असा समज पक्का असतो, आणि फ्रीलान्सरही तो निमूट मान्य करतात, की पैशांची मुदत आतली मंजुरी मिळाल्यापासून सुरू होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ याला हा समज मान्य नाही. या कायद्यानुसार मुदत ‘स्वीकृतीच्या दिवसा’पासून मोजली जाते आणि तो दिवस म्हणजे सेवा प्रत्यक्ष दिली तो दिवस. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारले असेच धरले जाते. त्या दिवसापासून ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, पण करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. विभागप्रमुखाची रजा, होल्ड, पेमेंटची यादी यांतल्या एकाही गोष्टीला या मोजणीत जागा नाही. मंजुरीची रांग ही एजन्सीने स्वतःच्या हिशेबाच्या शिस्तीसाठी केलेली व्यवस्था आहे. ती आवश्यकही आहे, पण तिचा वेळ एजन्सीच्या खात्यातून जायला हवा, फ्रीलान्सरच्या नव्हे.

नाशिकच्या उदाहरणात काम ६ जूनला पोचले आणि २१ जूनपर्यंत कोणी लेखी हरकत घेतली नाही. म्हणजे स्वीकृती ६ जूनचीच. कायद्याची कमाल मर्यादा २१ जुलैला संपते. पीओत ९ जुलै ही तारीख ठरलेली असल्यामुळे खरी देय तारीख तीच, आणि उशिराचे व्याज १० जुलैपासून सुरू होते. व्याजाचा दर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट आणि तेही महिन्याच्या चक्रवाढीने. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर व्याज वर्षाला साडेसोळा टक्के होते. ५४,००० रुपयांवर महिन्याला सुमारे ७४० रुपये.

५४,००० का, तर ६०,००० मधून एजन्सी उद्गम करकपात, म्हणजे टीडीएस, वळती करते. व्यावसायिक सेवांना तो सर्वसाधारणपणे दहा टक्के असतो आणि एका आर्थिक वर्षात एका खरेदीदाराकडून मिळणारी रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की लागू होतो. याच टीडीएसमधून एक उपयुक्त खूण मिळते. कर कापायचा तो पैसे देताना किंवा रक्कम खात्यात जमा दाखवताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा. त्यामुळे पैसे मिळालेले नसतानाही फ्रीलान्सरच्या फॉर्म २६एएस मध्ये त्या बिलाचा टीडीएस दिसला, तर एजन्सीने बिल हिशेबात घेतले आहे आणि मंजुरीचा प्रश्न मागे पडला आहे, असे समजायला भक्कम आधार मिळतो. त्यानंतरही ‘अजून मंजुरी व्हायची आहे’ असे उत्तर आले, तर २६एएसची प्रत जोडून विचारणे योग्य. ही नोंद तिमाही रिटर्न भरल्यावर दिसते, म्हणून ती तपासायला थोडे थांबावे लागते.

वर सांगितलेले ४५ दिवसांचे संरक्षण मात्र आपोआप मिळत नाही. त्यासाठी उद्यम पोर्टलवर नोंदणी लागते. ती मोफत आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि घरून एकट्याने लेखन किंवा डिझाइन करणारी व्यक्तीही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून ती करू शकते. नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी. बिल अडकल्यावर केलेली नोंदणी मागच्या कामाला लागू होते का, यावर खरेदीदार हमखास वाद घालतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ व २०२२ च्या निकालांचा कल खरेदीदारांच्या बाजूने आहे. नोंदणीनंतर उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा आणि प्रमाणपत्र अकाउंट्सला पाठवून व्हेंडर म्हणून असलेल्या आपल्या नोंदीत ते चढवून घ्यावे. हे शेवटचे काम बरेच जण विसरतात. सॉफ्टवेअरमध्ये ती खूण नसेल तर एजन्सीच्या सर्वसाधारण व्हेंडरांची ६० किंवा ९० दिवसांची मुदतच त्या बिलाला लागू राहते.

त्या खुणेमुळे एजन्सीलाही पैसे वेळेत देण्यात स्वतःचा लाभ दिसू लागतो. २०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ४३बी (एच) हे कलम घातले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत आणि ते वर्षअखेर थकलेले असतील, तर त्या वर्षाच्या उत्पन्नातून तो खर्च वजा होत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी होतो. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी मार्च महिन्यात अकाउंट्स विभागाला सूक्ष्म आणि लघु व्हेंडरांची थकलेली बिले आठवतात, ती याचमुळे. शिवाय एजन्सी कंपनी असेल तर अशा व्हेंडरांचे ४५ दिवसांवरचे थकित पैसे तिला वर्षातून दोनदा एमएसएमई-१ या विवरणपत्रात कारणासह सरकारला कळवावे लागतात. अडकलेल्या बिलाच्या तिसऱ्या आठवणीत या दोन गोष्टींचा शांत उल्लेख केला, की मेल क्लायंट सर्व्हिसिंगकडून वित्तप्रमुखाकडे जातो. उल्लेख धमकीच्या सुरात नको. ‘माझी उद्यम नोंदणी आपल्याकडे आहे, २१ जुलैला ४५ दिवस पूर्ण होत आहेत, त्याआधी बिल निघावे ही विनंती’ एवढे पुरते.

एजन्सीचे एक उत्तर मात्र वेगळे हाताळावे लागते: ‘क्लायंटकडून पैसे आले नाहीत.’ अशा वेळी बिल रांगेत अडकलेले नसते, कोणीतरी ते जाणूनबुजून थांबवलेले असते आणि ‘मंजुरी चालू आहे’ हा फक्त आडोसा असतो. ओळखायची खूण अशी, की बिल कोणाकडे पेंडिंग आहे या प्रश्नाला नाव मिळत नाही किंवा दर वेळी वेगळे नाव मिळते. लहान एजन्सीची अडचण कित्येकदा खरी असते, कारण मोठे क्लायंट तिलाच ९० दिवस ताटकळत ठेवतात. तरीही क्लायंटने पैसे दिल्यावरच फ्रीलान्सरला पैसे, अशी अट करारात असली तरी ती ४५ दिवसांच्या मर्यादेपुढे टिकत नाही. क्लायंट बुडाला तर तो धोका नफा घेणाऱ्या एजन्सीचा आहे, ठरलेल्या मोबदल्यावर काम करून दिलेल्या माणसाचा नाही. अशा वेळी हप्ते मान्य करायला हरकत नसावी, पण तारखा आणि रकमा मेलवर घेऊनच.

यानेही काही झाले नाही, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुकर परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यासाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल सुरू झाले. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते, तो फसला तर लवादाकडे जाते. अर्ज पुरवठादार जिथला आहे तिथल्या परिषदेकडे होतो, त्यामुळे नाशिकच्या अनुवादकेला दिल्लीच्या एजन्सीसाठीही महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. निवाडा एजन्सीच्या विरोधात गेला आणि तिला त्याला न्यायालयात आव्हान द्यायचे असेल, तर आधी निवाड्यातल्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. कायद्यात निकालाला ९० दिवस दिलेले आहेत, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. अनेकदा प्रकरण तिथवर जातही नाही. अर्जाची सूचना एजन्सीच्या व्यवस्थापनाच्या हाती पडते आणि खाली कोणीच उघडलेले नसलेले बिल त्यांना पहिल्यांदा दिसते.

या मार्गाला मर्यादा आहेत. एजन्सी दुबईची किंवा लंडनची असेल तर हा कायदा तिला बांधत नाही. तिथे करारातल्या अटी आणि आगाऊ घेतलेली रक्कम एवढाच आधार. कामाच्या दर्जाबद्दल एजन्सीने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल, तर मोजणी ती हरकत दूर झाल्यापासून होते, म्हणून अशा मेलला लगेच आणि लेखी उत्तर द्यावे. आणि अर्ज केल्यावर त्या एजन्सीकडून पुढचे काम येईल याची खात्री नसते. पहिल्या दोन आठवणींत व्याजाचा विषय काढू नये, मुद्दल निघाले तर ते सोडून द्यावे, हा व्यवहार बहुतेकांना परवडतो. पण व्याज सोडणे ही फ्रीलान्सरने दिलेली सवलत आहे. ती देताना मेलमध्ये तसे लिहिलेले असावे.

उदाहरणातल्या अनुवादकेने १० जुलैला दोन बिले दिली, तर ५०,००० चे बिल त्याच महिन्याच्या दुसऱ्या यादीत निघू शकते. उरलेल्या १०,००० साठी तिच्याकडे ६ जूनचा काम पाठवल्याचा मेल आहे, हरकत न घेतल्याचे १५ दिवस आहेत आणि उद्यम क्रमांक आहे. ज्या फ्रीलान्सरांकडे तो क्रमांक अजून नाही, त्यांनी पुढचा पीओ स्वीकारण्याआधी तो घ्यावा.